स्लॅकवर स्वतःचे इमोजी: तुमचे प्रश्न

कंपनीचा लोगो इमोजी म्हणून टाकला, पण नुसता ठिपका दिसतो. साइझ चुकली का?

साइझ बरोबर असूनही असं होतं. स्लॅकला चौकोनी, १२८ केबीच्या आतली प्रतिमा चांगली बसते; जेपीजी, पीएनजी, जीआयएफ यांपैकी काहीही चालतं. मी नेहमी १२८ × १२८ पिक्सेलची पीएनजी करते. पण मेसेजखाली रिअ‍ॅक्शन म्हणून तीच प्रतिमा साध्या अक्षराएवढी होते. तुमच्या लोगोत चिन्हाशेजारी कंपनीचं नाव आडवं लिहिलेलं असणार. चौकोनात बसवताना वर-खाली रिकामी जागा राहते आणि चिन्ह आणखी बारीक होतं. नाव कापून टाका, फक्त चिन्ह घ्या आणि ते कडेपर्यंत मोठं करा. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवा, मात्र चिन्ह काळं असेल तर डार्क मोडमध्ये ते गायब होतं, म्हणून भोवती पांढरी बारीक कड द्या. अपलोड करण्याआधी प्रतिमा वीस पिक्सेलवर आणून दोन्ही रंगांवर बघा. तिथे ओळखू आली तरच टाका.

आम्ही आठ जण आहोत. कोणते इमोजी करावेत?

ज्यांच्यामुळे एक मेसेज वाचतो, ते. समजा, कोणी लिहिलं, ‘कोटेशन तपासून द्या.’ त्यावर ‘बघतो’, ‘झालं’, ‘थोडं अडलंय’ अशी तीन उत्तरं आली की आठही जणांचे फोन वाजतात. त्याऐवजी तीन इमोजी करा: `:baghtoy:`, `:zala:`, `:adlay:`. तिघांचे रंग आणि आकार दोन्ही वेगळे ठेवा, कारण लाल-हिरव्यातला फरक सगळ्यांना दिसतोच असं नाही. पिवळं वर्तुळ, हिरवी बरोबरची खूण, लाल त्रिकोण पुरे. एक बारकावा: बाई `baghtoy` टाइप करणार नाही. त्याच इमोजीला `baghtey` हे दुसरं नाव अ‍ॅलियस म्हणून जोडा. चित्र एकच राहतं.

पुढे याचा खरा फायदा शोधताना होतो. सर्चमध्ये हे टाकलं की अडकलेली कामं समोर येतात:

```
has::adlay:
```

म्हणून अडचण सुटली की ती रिअ‍ॅक्शन काढायची सवय लावा, नाहीतर शोध निरुपयोगी होतो. सहकाऱ्यांच्या चेहऱ्यांचे इमोजी मात्र त्यांना विचारल्याशिवाय करू नका.

इमोजी कुठून टाकायचा? मला बटणच दिसत नाही.

कॉम्प्युटरवर मेसेजच्या चौकटीतला हसरा चेहरा दाबा, मग `Add Emoji`. चित्र निवडा, नाव द्या, सेव्ह करा. नावात मोठी अक्षरं आणि मोकळी जागा चालत नाही. बटण नसेल तर तुम्ही गेस्ट असाल किंवा अ‍ॅडमिनने परवानगी मर्यादित केली असेल.

नाव चुकलं. काढून पुन्हा टाकू का?

एकदोनदाच वापरला असेल तर खुशाल काढा. महिनाभर वापरात असेल तर थांबा: काढल्यावर जुन्या मेसेजमध्ये चित्राच्या जागी `:zalaa:` अशी नुसती अक्षरं उरतात. तेव्हा बरोबर नाव अ‍ॅलियस म्हणून जोडा आणि जुनं तसंच राहू द्या.