आहेराच्या साड्यांसाठी महेश्वर: कधी, कितीत, काय

प्रश्न: मुलीचं लग्न आहे, आहेराला 5 महेश्वरी साड्या घ्यायच्यात. त्या निमित्ताने धुळ्याहून गाडीने दोन-तीन दिवस महेश्वरला जायचं म्हणतोय. कधी जावं, किती पैसे धरावेत, आणि काय घ्यावं काय नको?

उत्तर:

मी शिरपूरचा, दोनदा जाऊन आलोय, पहिल्यांदा फसून आणि दुसऱ्यांदा शहाणा होऊन, म्हणून जरा लांबून सांगतो.

आधी पैशाचं स्पष्ट बोलू, कारण बरेच जण "तिथं स्वस्त मिळते" म्हणून निघतात. स्वस्त मिळते, खरंय, पण जाण्यायेण्याचा खर्च धरला तर 5 साड्यांत बचत काही होत नाही. मागच्या हिवाळ्यात पुतण्याच्या लग्नासाठी आम्ही दोघं गेलो होतो, एकूण 30 हजार ठरवून नेले होते. पेट्रोल, टोल, दोन रात्रीची साधी रूम, खाणंपिणं मिळून 9 हजार गेले. उरलेल्या 21 हजारात नवरीसाठी एक 6,500 ची, बाकी चार 2,800 च्या आसपासच्या, म्हणजे 17,700, आणि उरलेल्या 3,300 चं बाग प्रिंट, म्हणजे बाग गावचं ठशांनी छापलेलं कापड. त्याच साड्या इथं दुकानात घेतल्या असत्या तर फार तर चार-पाच हजार जास्त गेले असते. म्हणजे ते 9 हजार फिरण्याचे म्हणून धरा, साड्यांच्या हिशोबात धरू नका, नाहीतर परत येताना बिजासन घाटात नवरा-बायकोचं भांडण ठरलेलं. दोनच साड्या घ्यायच्या असतील तर मी म्हणेन जाऊच नका.

कधी जावं: दिवाळी उरकली की फेब्रुवारीपर्यंत. उन्हाळ्यात निमाडचं ऊन आपल्या खान्देशापेक्षा काही कमी नाही, नर्मदेच्या घाटाच्या पायऱ्यांवर पाय ठेववत नाही. ऐन दिवाळीत बरेच माग बंद असतात, महाशिवरात्रीला यात्रेची गर्दी. पितृपक्षात गर्दी नसते पण तेव्हा लग्नाची खरेदी घरातल्या बायका करू देणार नाहीत. होळीच्या आधीचा आठवडा म्हणजे भोंगऱ्याचा, तिकडे त्याला भगोरिया म्हणतात, बाजार बघायला मस्त आहेत पण साडीच्या कामासाठी तो काळ नको, रस्ते आणि गावं दोन्ही भरलेली. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, दुकानदाराला बोलायला वेळ असतो.

रस्ता सरळ आहे, शिरपूर, पळासनेर, सेंधवा, जुलवानिया, खलघाटला नर्मदा ओलांडली की धामनोद, तिथून उजवीकडे 13-14 किमी. सकाळी 6 ला धुळं सोडलं तर घाटात ट्रकांनी अडवलं नाही म्हणजे 10 च्या सुमारास पोहोचता.

आता मुख्य. पहिल्या दिवशी काहीच घ्यायचं नाही. मी पहिल्या वेळी हेच चुकलो. किल्ल्याच्या रस्त्यावर एका दुकानात शिरलो, त्याने चहा पाजला, "हाथ का काम है भैया" म्हणून दोन साड्या 2,200-2,200 ला गळ्यात मारल्या, आणि घरी मोठ्या वहिनीने पदर हातात धरून उलटा केला आणि म्हणाली, "हाई माले नको." दोन धुण्यात जरीचा धागा काळा पडला, साडी प्लास्टिकसारखी चुरचुर करायला लागली. पॉवरलूमचा माल होता, बहुतेक बाहेरूनच आलेला.

दुसऱ्या वेळी दुपारभर नुसते फिरलो. किल्ल्यात विणकरांच्या संस्थेचे माग चालताना बघायला मिळतात, रेहवा नाव, 1970 च्या दशकाच्या शेवटी होळकर घराण्यातल्या लोकांनी ही कला परत उभी करायला सुरू केली. तिथं भाव जास्त आहेत पण आधी तिथंच जा, कारण खरी साडी हाताला कशी लागते ते एकदा कळलं की पुढे फसणं अवघड. मग गावातल्या विणकरांच्या घरी. एका घरी पुढच्या खोलीत माग, कोपऱ्यात म्हातारी आजी चरख्यावर कांड्या भरत बसलेली, आणि पोरगा खटक-खटक विणत होता, त्याने सांगितलं साधी साडी असली तरी तीन-चार दिवस जातात. त्या हिशोबाने 1,200 ला "हातमाग" कसा परवडेल ते तुम्हीच करा.

बघायचं काय? महेश्वरीत साधारण ताणा, म्हणजे उभे धागे, रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, सुताचा असतो, म्हणून ती हलकी असते पण अंगावर फुगत नाही. काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, त्याला बुगडी म्हणतात, उलटा करून बघा, मागून धागे लोंबत असतील तर सोडून द्या. पारंपरिक पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे. मग दोन्ही किनारींवर थोड्या-थोड्या अंतराने सुईची बारीक भोकं दिसतात का बघा, विणताना कापड ताणून धरायला काडी लावतात तिची ती खूण. पण एवढ्यावर विश्वास टाकू नका, काही पॉवरलूमवरही असल्या खुणा येतात. खात्रीचं काम म्हणजे धागा जाळणं. पदराच्या टोकाला सुटे धागे असतात, मालकाकडून ताण्याचा एक धागा मागून घ्या आणि काडी लावा: रेशीम केस जळल्यासारखं वास मारतं आणि राख बोटात चुरडते, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. जो विणकर धागा द्यायला का-कू करतो त्याच्याकडून महागातली घेऊ नका. ओला रुमालही काठावर घासून बघा, गडद मरून आणि काळ्यात रंग सुटतो, आहेरात गेल्यावर बोलणी तुम्हाला खावी लागतील. आणि ब्लाउजपीस धरून साडी सव्वासहा मीटर भरते का ते उलगडून मोजा, लाजू नका.

भाव दुसऱ्या दिवशी पाडा. पहिल्या दिवशी जिथं जे आवडलं त्याचा भाव मोबाइलमध्ये लिहून ठेवा. दुकानात 10 टक्के सुटतात, पाच एकत्र घेतल्या तर थोडे अजून. विणकराच्या घरी मी फार घासाघीस नाही केली, एक ब्लाउजपीस मागून घेतला. रोख ठेवा थोडी, घराघरात नेटवर्क जातं.

नवरीची हवी त्या रंगाची करून घ्यायची असेल तर लग्नाच्या दोन महिने आधी जा आणि अर्धे पैसे देऊन पावती घ्या, ऐनवेळी "माग रिकामा नाही" ऐकायला मिळतं.

तिसरा दिवस बागसाठी ठेवा, कुक्षीच्या पुढे, जाताना गाडीत तीनेक तास धरा. तिथं साड्या नका घेऊ, आहेराला लाल-काळं लोकांना चालत नाही, दुपट्टे आणि बेडशीट घ्या. तांब्याच्या कढईत कापड उकळताना बघा, त्यात धावड्याची फुलं टाकतात. काळा रंग लोखंडाच्या गंजाचा, लाल रंग तुरटीचा ठसा अलिझरीन या रंगद्रव्यात उकळून. स्क्रीन प्रिंटची नक्कल इथंही विकतात, ठसा असेल तर दोन ठशांच्या सांध्यात कुठे तरी केसभर इकडे-तिकडे असतं, सगळं शिस्तीत बसलेलं दिसलं की समजा मशीन. तिथून बडवानीवरून सेंधव्याला निघता येतं, धामनोदला परत जायची गरज नाही, आणि घाट उजेडात उतरा.