सरासरी पन्नास, तरी तिसऱ्या महिन्यात हात रिकामे

प्रश्न: मी व्हिडिओ एडिटर आहे. तीन महिन्यांत नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करायचं आहे. घरात दर महिन्याला ४० हजार लागतातच. डोक्यात दोन कल्पना आहेत. एक, कंपन्यांच्या फिल्मची मोठी कामं: वर्षाला पाच, खर्च आणि कर जाऊन प्रत्येकी १ लाख २० हजार सुटतील. दुसरी, क्लास घेणाऱ्या शिक्षकांचे व्हिडिओ दरमहा ठरलेल्या फीवर. एका ग्राहकाचे महिन्याला ६ हजार सुटतात, काम चार दिवसांचं, आणि सहाच्या वर मला झेपणार नाहीत. आत्ता सुट्टीच्या दिवशी असे दोन ग्राहक सांभाळतो. आजारपणाचे पैसे वेगळे ठेवून ९० हजार हाताशी आहेत. पहिल्या कल्पनेची सरासरी महिन्याला ५० येते, दुसरीची ३६. मग पहिलीच घ्यावी ना?

उत्तर: हिशेब बरोबर आहे, पण घर सरासरीवर चालत नाही. एक तारखेला खात्यात काय आहे, त्यावर चालतं.

मोठ्या कामांचे पैसे काम पोचल्यावर येतात. समजा, पहिल्या कामाचे तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस आले. एवढं लवकर येणं नशीबच म्हणायचं. पहिल्या महिन्याचे ४० दिल्यावर तुमच्या ९० मधले ५० उरतात, दुसऱ्यानंतर १०. तिसऱ्या महिन्याच्या एक तारखेला ३० कमी पडतात. वर्षाअखेर हिशेब १ लाख २० हजारांनी वरच असेल, पण तोवर तुम्ही कुणाकडून तरी उसने घेतलेले असतील, किंवा घाईघाईत पडेल भावात एखादं काम पत्करलेलं असेल. दुसरं जास्त वाईट. तो भाव मग त्या ग्राहकाकडे कायमचा चिकटतो.

म्हणून माझ्यासमोर कुणी कल्पना ठेवली की मी आधी दोन आकडे काढतो: एकही मोठी रक्कम आली नाही तर दर महिन्याला साठ्यातून किती जातात, आणि सगळ्यात खोल खड्डा कितीचा, म्हणजे साठा जास्तीत जास्त कितीने खाली जातो. वार्षिक नफा त्यानंतर. पहिल्या कल्पनेत महिन्याला पूर्ण ४० जातात, म्हणजे ९० हजार दोन महिने आणि थोडे दिवस पुरतात. दुसरीत सहा ग्राहक असतील तर ४ जातात, साठा बावीस महिने टिकतो. पण तिथे सगळे चोवीस दिवस भरलेले. वर्षाला ४८ हजारांची तूट पडते आणि ती भरून काढायला वेळच उरत नाही. एक ग्राहक गेला की तूट चाराची दहा होते.

दोन्हींच्या मधला रस्ता धरा, पण अर्धं-अर्धं करू नका. चार ग्राहक फीवर घ्या. त्यांचे २४ येतात आणि महिन्याचे सोळा दिवस जातात. साठ्यातून जाणारी रक्कम ४० वरून १६ वर येते, आणि तेच ९० हजार साडेपाच महिने पुरतात. उरलेल्या आठ-नऊ दिवसांत वर्षाला दोन मोठी कामं बसतील. तिसऱ्याचा मोह होईल. आधी दोन वेळेत पुरी होतात का बघा. वर्षाचे २ लाख ८८ आणि २ लाख ४०, मिळून ५ लाख २८ हजार. घरखर्च ४ लाख ८० वजा केला की ४८ उरतात. नुसत्या मोठ्या कामांपेक्षा कमी आहेत, हे मान्य.

आता यातला खड्डा पाहू. महिन्याचे आठ दिवसच हातात असल्याने एक मोठं काम चार महिने चालेल. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस ४० आगाऊ मिळाले आणि बाकीचे ८० सहाव्याच्या अखेरीस, असं धरा. ते मिळण्याआधी सहा महिन्यांचे १६ प्रमाणे ९६ गेलेले असतात, आगाऊ ४० आलेले. खड्डा ५६. पण ग्राहकाचं बिल मंजुरीत अडकलं आणि पैसे दोन महिने उशिरा आले, तर खड्डा ८८ पर्यंत जातो. तुमच्याकडे आहेत ९०. एवढ्या अंतरावर मी तरी शांत झोपणार नाही.

हे अंतर दर न वाढवता वाढतं. त्या १ लाख २० चे तीन हप्ते पाडा: सुरुवातीला ४०, पहिला कट दाखवल्यावर ४०, अंतिम फाइल देताना ४०. पहिला कट चौथ्या महिन्याअखेर दिलात, तर शेवटचा हप्ता दोन महिने रखडला तरी खड्डा ४८ वर थांबतो. एरवी तो ३२ च्या पुढे जात नाही. एडिटरच्या हातात एक जमेची गोष्ट असते, ती वापरा: पहिला कट वॉटरमार्क टाकून कमी रिझोल्यूशनचा द्यायचा, स्वच्छ फाइल शेवटच्या हप्त्यानंतर. करारात ‘पहिला कट मंजूर झाल्यावर’ असं लिहू नका, ‘पहिला कट पाठवल्यावर’ लिहा. मंजुरी ग्राहकाच्या हातात असते, पाठवणं तुमच्या. शिक्षकांची फीसुद्धा महिन्याच्या सुरुवातीलाच घ्या.

तुम्ही विचाराल, हप्ते पाडले तर पहिल्या कल्पनेचाही खड्डा उथळ होईल की. होईल, काम हातात असेपर्यंत. पण दोन महिने नवं कामच आलं नाही तर हप्ता मागणार कुणाकडे? तेव्हा तिथे ८० जातात, इथे ३२.

आता नोकरी. वरचा सगळा हिशेब पहिल्या महिन्यापासून चार ग्राहक आहेत असं धरून केला आहे, तुमच्याकडे दोनच आहेत. उरलेले दोन मिळायला दोन महिने लागले तर आणखी २४ हजार जातात, आणि उशिरा पैसे येण्याच्या वर्षी तो भार जड जाईल. नोकरीत राहून चार ग्राहक सांभाळणं तुम्हाला जमणार नाही, पण त्यांच्याशी बोलणं आत्ता जमेल. तिसऱ्या आणि चौथ्याचं काम नोकरी सोडण्याच्या महिन्यापासून सुरू होईल असं लेखी ठरवा आणि पहिल्या महिन्याची फी आगाऊ घ्या. फी खात्यात आली की राजीनामा द्या. तोंडी ‘हो, नक्की देऊ’ मी धरत नाही.

पैसे ठेवायला वेगळं खातं उघडा. सगळी कमाई तिथे आणि दर एक तारखेला घरखात्यात ४० हजार, ना कमी ना जास्त. ८० हजार आलेल्या महिन्यातही ४० च. आधीचे ९० हजार याच खात्यात राहतील. हप्ते ठरल्याप्रमाणे आले तर शिल्लक ५८ च्या खाली जायला नको. म्हणून ५० वर खूण करून ठेवा. त्याखाली शिल्लक गेली तर कुठला तरी हप्ता रखडला आहे किंवा एखादा ग्राहक गळला आहे. त्याच आठवड्यात पाचव्या ग्राहकाचा शोध सुरू करा, आणि तो मिळेपर्यंत नव्या मोठ्या कामाला तारीख देऊ नका. नवा ग्राहक मिळून पहिली फी यायला दीड-दोन महिने सहज जातात. शिल्लक २० वर आल्यावर शोधायला निघालात तर उशीर झालेला असेल.

एक आकडा मात्र तपासून कळवा. ते ४० हजार सध्याच्या नोकरीत असतानाचे आहेत. ऑफिस देत असलेला आरोग्य विमा आणि नंतर तुम्हालाच भरावा लागणारा सॉफ्टवेअरचा खर्च त्यात किंवा कामाच्या खर्चात धरला आहे का? नसेल आणि त्याचे महिन्याला ५ होत असतील, तर १६ चे २१ होतात आणि चार ग्राहकांऐवजी पाच लागतील.