सभेत घेतलेलं मुलाचं नाव इतिवृत्तात लिहायचं का?

प्रश्न: मी जळगाव जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये शिक्षिका आहे, पालक-शिक्षक संघाची सचिवही. परवाच्या सभेत एका पालकांनी नववीतल्या मुलाचं नाव घेऊन मारामारीची तक्रार केली. काही पालक म्हणतात, जसं झालं तसं लिहा आणि फलकावर लावा. मी काय लिहू?

उत्तर: ताई, नाव लिहू नका, पण तक्रार आली होती हे मात्र नक्की लिहा. इतिवृत्त म्हणजे सभेतलं बोलणं शब्दन् शब्द उतरवणं नव्हे. काय विषय निघाला, काय ठरलं, कोणी करायचं आणि कधीपर्यंत, एवढं त्यात यायला हवं. मीही धुळे जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये हे काम केलं आहे, म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो.

नुसतं नाव गाळून भागत नाही. समजा तुम्ही लिहिलं, ‘नववी ब मधील, वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थ्याबद्दल तक्रार आली.’ आपल्याकडच्या शाळेत एका तुकडीत वसतिगृहाची मुलं असतात दोन-तीन. सातपुड्याच्या पाड्यावरून आलेलं ते पोर कोण, हे संध्याकाळपर्यंत पारावर सगळ्यांना कळतं. तुकडी, गाव, वडिलांचा धंदा, बसायचा बाक यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की नाव लिहिल्यासारखंच झालं. तक्रार करणाऱ्या पालकांचं नावही याच कारणासाठी नको, कारण त्यावरून मार खाणारं मूल ओळखू येतं.

मी असतो तर नोंद अशी केली असती:

‘विषय क्र. 4: मधल्या सुट्टीतील शिस्त. एका पालकांनी विद्यार्थ्यांमधील मारामारीची तक्रार मांडली. बाब वैयक्तिक असल्याने तिच्यावर सभेत चर्चा न करता पालकांनी मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावे, असे अध्यक्षांनी सांगितले. ठराव: मधल्या सुट्टीत पाण्याची टाकी व मागचे मैदान येथे रोज एकेका शिक्षकाची पाळी लावावी. जबाबदारी: पर्यवेक्षक. सुरुवात: येत्या सोमवारपासून. अहवाल: पुढील सभेत.’

खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं येतातच. तिथे तक्रारदार पालकांना सूचक करू नका. वर नाव झाकायचं आणि खाली सही घ्यायची, हा घोटाळा घाईत सहज होतो. लेखी तक्रार, दोन्ही मुलांशी झालेलं बोलणं, पालकांना दिलेलं उत्तर, हे सगळं मुख्याध्यापकांच्या कुलपातल्या फाईलीत राहील. ‘जसं झालं तसं’ जाणून घ्यायचा हक्क त्या दोन घरांना आहे, पण तो आपापल्या मुलापुरता.

आता उलटी बाजू. गोपनीयतेच्या नावाखाली शाळेनं स्वतःची झाकपाक करायची नाही. टाकीजवळ शिक्षक नव्हता, हा शाळेचा विषय आहे, मुलाचा नाही. तो इतिवृत्तात स्पष्ट यायला हवा. शिष्यवृत्तीचे अर्ज का अडकले, किती अडकले, हे उघड लिहा. कोणाचे आणि कोणत्या जातीचे, ते नको. कापूस वेचणीच्या दिवसांत गैरहजेरी वाढते, तिचा आकडा सगळ्या शाळेचा मिळून द्या. एकेका तुकडीचा दिलात आणि तिथे दोनच पोरं निघाली, की ती यादीच झाली.

तक्रार लैंगिक छळाची असेल तर मात्र हा रस्ताच नाही. अध्यक्षांनी तिथल्या तिथे विषय थांबवायचा आणि पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवायचं. ‘लेखी द्या, पुढच्या सभेत बघू’ तिथे चालत नाही. इतिवृत्तात नोंद केली म्हणून कळवण्याची जबाबदारी संपतही नाही.

नोंदवहीत नाव आधीच लिहून इतिवृत्त कायम झालं असेल, तर पान फाडू नका, पांढरी शाईही लावू नका. मूळ पान तसंच ठेवून पुढच्या सभेत ‘फलकावर व पालकांना द्यायच्या प्रतीत विद्यार्थ्यांची ओळख वगळावी’ असा ठराव घ्या. तुमची शाळा अनुदानित आहे, तेव्हा कोणी माहिती अधिकारात प्रत मागू शकतं. त्या कायद्याच्या कलम 10 प्रमाणे वैयक्तिक भाग वगळून उरलेली प्रत देता येते. काय वगळलं आणि का, ते सोबतच्या पत्रात लिहावं लागतं. एका नावापायी सगळं इतिवृत्त नाकारू नका.

आणि हजेरीचा कागद वेगळाच ठेवा. त्यावर पालकांचे मोबाईल नंबर आणि पाल्यांची नावं असतात. इतिवृत्ताचा फोटो ग्रुपवर टाकताना तो हमखास सोबत जातो.