प्रकल्प सुरू करण्याचा पहिला मेल: कोण, कधी आणि कुठे बोलायचं हे कसं लिहावं?

प्रश्न: मी रत्नागिरीजवळच्या एका आंबा निर्यात करणाऱ्या कंपनीत आहे. या हंगामात प्रत्येक पेटीवर क्यूआर कोड लावायचा आहे, म्हणजे गिऱ्हाइकाला आंबा कुठल्या बागेतला ते कळेल. खरेदी, पॅकहाऊस, ऑफिस, विक्री आणि पुण्याचे सॉफ्टवेअरवाले असे सगळे यात आहेत. त्यातलं कोणीच माझ्या हाताखालचं नाही, बरेचजण माझ्याहून वरिष्ठ आहेत. सुरुवातीचा मेल मला लिहायला सांगितलाय. कामं, तारखा, संपर्क हे सगळं त्यात कसं मांडू?

उत्तर:

मी याच पट्ट्यात आंबा प्रक्रियेच्या कामात समन्वय बघते, त्यामुळे तुमच्या पेटीचा प्रवास मला चांगला माहीत आहे. मेल लिहिण्याआधी एक काम करा. ज्यांची नावं मेलमध्ये येणार आहेत त्यांना प्रत्येकाला फोन करा. तुमच्या हातात अधिकार नसताना एखाद्या वरिष्ठाला त्याचं काम पहिल्यांदा मेलमधून कळलं, तर तो ते मनावर घेणार नाही. फोनवर तीनच गोष्टी विचारा. तुम्ही नेमकं काय द्याल? ते देण्याआधी तुम्हाला कोणाकडून काय लागेल? आणि कुठल्या दिवसांत तुम्ही सापडणार नाही? मग त्यांच्याच तोंडचं उत्तर मेलमध्ये लिहा. त्यांच्या वरिष्ठांना सीसीत ठेवा, पण त्यांच्याही कानावर आधी घाला.

आता मूळ मुद्दा. असे प्रकल्प बहुतेक वेळा विभागाच्या आत अडत नाहीत, दोन विभागांच्या मध्ये अडतात. तुमच्याच कामातलं उदाहरण घ्या. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. पण ते मानांकन पेटीवर छापायचं तर बागायतदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असावी लागते. म्हणजे कोड स्कॅन केल्यावर जे पान उघडेल त्यावर बागेच्या नावासोबत हा नोंदणी क्रमांक हवा. तो क्रमांक गोळा कोण करणार? खरेदीवाले बागायतदाराला भेटतात, म्हणून सगळ्यांना वाटतं तेच करतील. खरेदीवाल्यांना वाटतं की कागदपत्रं ऑफिसात असतात, तेव्हा ऑफिस बघेल. पुण्यातला मुलगा त्या रकान्यात काहीतरी नमुन्याचं भरून ठेवतो. मार्चमध्ये पहिला माल आला की कळतं, निम्म्या बागांचे क्रमांकच नाहीत.

म्हणून कामाची वाटणी विभागाच्या नावाने करू नका. ‘खरेदी विभाग: बागांची माहिती’ असं लिहिलं की त्यात कोणीच दिसत नाही. हातात येणाऱ्या वस्तूने वाटणी करा: यादी, पान, लेबल, चाचणी. प्रत्येक वस्तूपुढे एकाच माणसाचं नाव, आणि ती कोणाच्या हातात पोहोचली की काम झालं असं धरायचं, तेही लिहा. मदतीला दहाजण असोत, नाव एकच. ‘माहिती संकलित करण्यात येईल’ अशी वाक्यं टाळा, कारण ती कोण करणार हे त्यातून कळतच नाही. दोन विभागांचं मत जुळलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा, हेही पहिल्याच मेलमध्ये ठरवा. भांडण झाल्यावर हे ठरवायला गेलात की ते कोणाच्या तरी विरोधात गेल्यासारखं दिसतं.

तारखा शेवटाकडून उलट्या मोजा. पहिला मोठा माल कधी पॅक होणार तिथून सुरुवात करा आणि मागे मागे या. आपल्याकडे मध्ये शिमगा आहे, हे पुण्याच्या लोकांच्या लक्षात नसतं. २०२६ ची होळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात येते. फाकपंचमीपासून गावोगाव पालख्या निघाल्या की पॅकहाऊसची माणसं आपापल्या गावी असतात, आणि त्यांना अडवून उपयोगही नाही. म्हणून चाचणी शिमग्याआधी उरकायची आणि दुरुस्तीसाठी शिमग्यानंतरचे दिवस ठेवायचे. आंबा नसला तरी चाचणी रिकाम्या पेट्यांवर होते. स्टिकर कुठे बसतो, पॅकहाऊसच्या उजेडात फोन तो वाचतो का, बागेचा क्रमांक चुकून दुसऱ्याच बागेचा लागतो का, हे सगळं रिकाम्या पेटीवर कळतं.

मेल साधारण असा दिसेल. मी पदं लिहिलीत, तुम्ही माणसांची नावं घाला.

> विषय: पेटीवर क्यूआर कोड – कामाची वाटणी आणि तारखा (गुरुवार ८ जानेवारीपर्यंत उत्तर हवं)
>
> नमस्कार,
>
> सोमवार २३ मार्चपासून पॅकहाऊसमधून निघणाऱ्या निर्यातीच्या प्रत्येक पेटीवर क्यूआर कोड असेल. तो स्कॅन केला की बागेचं गाव, तोडणीची तारीख आणि मानांकनाचा नोंदणी क्रमांक दिसेल. कॅनिंगचा माल आणि वाशीला जाणारा माल यंदा यात नाही.
>
> आपण फोनवर बोललो त्याप्रमाणे:
>
> बागांची यादी (गाव, बागायतदार, बाग क्रमांक, नोंदणी क्रमांक) खरेदी प्रमुख शुक्रवार १६ जानेवारीपर्यंत ऑफिस व्यवस्थापकांना देतील. नोंदणी क्रमांक कागदाशी ताडून ऑफिस व्यवस्थापक बुधवार २१ जानेवारीला ती यादी पुण्याला पाठवतील. ज्या बागेचा क्रमांक तोवर मिळाला नाही, तिच्या पेटीवर मानांकनाचं चिन्ह यंदा छापायचं नाही.
>
> कोड आणि त्यामागचं पान पुण्याचे डेव्हलपर शुक्रवार ६ फेब्रुवारीपर्यंत पॅकहाऊस सुपरवायझरांच्या फोनवर चालवून दाखवतील. लेबलचा मजकूर आणि आकार विक्री प्रमुख मंगळवार १० फेब्रुवारीला पक्का करतील.
>
> बुधवार १८ फेब्रुवारीला पॅकहाऊसमध्ये २० रिकाम्या पेट्यांवर चाचणी. ती पॅकहाऊस सुपरवायझर घेतील. काय चुकलं याची यादी त्याच संध्याकाळी सगळ्यांना मिळेल.
>
> २१ फेब्रुवारी ते ८ मार्च शिमगा, या काळात कोणाकडूनही काही अपेक्षित नाही. ९ ते २० मार्च दुरुस्ती आणि लेबल छपाई.
>
> मत जुळलं नाही तर अंतिम निर्णय संचालकांचा. तो त्यांनी एका दिवसात द्यायचं मान्य केलं आहे.
>
> तारीख किंवा निर्णय बदलला तर याच मेलला उत्तर द्यावं. रोजच्या शंका व्हॉट्सॲप ग्रुपवर. काम थांबलं असेल तर थेट मला फोन. बागांची यादी फक्त शेअर केलेल्या शीटमध्ये, फोटो किंवा कागदावर नको.
>
> गुरुवार ८ जानेवारी संध्याकाळी ५ पर्यंत आपण काय देणार आणि कधी, हे एका ओळीत कळवावं. तारीख जमणार नसेल तर जमणारी तारीख लिहावी.

हा मेल सोमवार ५ जानेवारी २०२६ रोजी जाईल असं धरून तारखा घातल्यात. तारखेसोबत वार मुद्दाम लिहिला आहे, कारण फोनवर बोलताना लोक वाराने बोलतात आणि तिथेच आठवड्याचा घोळ होतो. या प्रकल्पात काय नाही, ते वाक्यही गाळू नका. नाहीतर फेब्रुवारीत विक्रीवाले म्हणतील, ‘वाशीच्या पेट्यांनाही लावा ना,’ आणि लेबलचा आकार पुन्हा बदलेल.

नोंदणी क्रमांक नसलेल्या बागेचं काय करायचं, ते मेलमध्येच आहे हे बघा. एखादी गोष्ट वेळेत आली नाही तर बाकीचे काय करतील, हे निदान सर्वांत नाजूक जागेसाठी आधीच लिहून ठेवावं. तुमच्या प्रकल्पात ती जागा हीच आहे. बागायतदार कागद कधी देईल हे खरेदी प्रमुखांच्या हातात नाही, आणि त्यासाठी अख्खी पेटी अडवून ठेवता येणार नाही.

संपर्काबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथे माणसंच दोन प्रकारची आहेत. खरेदीचे लोक दिवसभर बागांत असतात. तिथे खूपदा रेंज नसते, आणि मेल तर ते क्वचितच उघडतात. ते रात्री घरी आल्यावर व्हॉट्सॲप बघतात. पुण्याच्या माणसाचं उलट: ग्रुपवरच्या शंभर मेसेजमधून कामाचा एक शोधणं त्याला जमत नाही, मेल मात्र तो लगेच वाचतो. दोघांना एकाच जागी आणायचा हट्ट धरू नका. मेल हा पक्का दस्तऐवज असू द्या, आणि त्याच संध्याकाळी खरेदी आणि पॅकहाऊसच्या प्रत्येकाला फक्त त्याच्या वाटणीच्या दोन-तीन ओळी वेगळ्या पाठवा. ग्रुपवर ठरलेली प्रत्येक तारीख त्याच दिवशी मेलवर आणायचं काम तुमचं. ते दुसऱ्या कोणाला देऊ नका.

वरिष्ठांच्या बाबतीत भाषा जपा, पण मजकूर सौम्य करू नका. पॅकहाऊसमधल्या ज्यांना तुम्ही रोज काका म्हणता, त्यांच्या नावापुढे मेलमध्ये श्री. लावा आणि तारीख ठसठशीत लिहा. ‘शक्य झाल्यास लवकरात लवकर’ हा आदर नाही, त्यातून त्यांनाच कळत नाही की थांबायचं की घाई करायची. नावं हुद्द्याच्या क्रमाने न लावता कामाच्या क्रमाने लावली की कोण वर कोण खाली हा प्रश्न उरत नाही.

मेल पोहोचला की नाही ते उत्तरांवरून ओळखा. सगळीकडून ‘ओके’ आणि ‘नोटेड’ आलं तर समजा, कोणी नीट वाचलेलं नाही. अशांना शुक्रवारी फोन करून त्यांच्या तोंडून तारीख वदवून घ्या. कोणी लिहिलं की ‘१६ ला जमणार नाही, संगमेश्वरकडच्या बागा बाकी आहेत, २० ला देतो’, तर तो माणूस कामाला लागला आहे. त्याची तारीख बदलली की तिला टेकून असलेली पुढची तारीखही हलते, तेव्हा त्याच मेलला उत्तर देऊन फक्त बदललेल्या दोन ओळी पाठवा: ‘यादी १६ ऐवजी मंगळवार २० जानेवारी, तपासणी २१ ऐवजी शुक्रवार २३ जानेवारी, बाकी तारखा तशाच.’ नवा मेल सुरू केलात तर लोकांकडे दोन वेळापत्रकं होतात, आणि पॅकहाऊसमध्ये जुनंच भिंतीला चिकटवलेलं असतं.