अर्धायुष्य: सुरुवातीला एवढं पक्कं कर

भावा, डी.फार्म.ला नवा आहेस म्हणून दोनच गोष्टी सांगतो, सूत्रं नंतर बघू.

पहिली चूक सगळेच करतात: दोन अर्धायुष्यं झाली की औषध संपलं. पॅरासिटामॉलचं अर्धायुष्य अडीच तास धर. अंगात 400 मिलिग्रॅम असेल तर अडीच तासांनी 200, पाच तासांनी 100, साडेसात तासांनी 50. दर वेळी उरलेल्यातलं निम्मं जातं. पाच अर्धायुष्यांनंतर जेमतेम 3 टक्के राहतं.

दुसरी चूक म्हणजे भौतिकशास्त्राचा हिशेब जसाच्या तसा लावणं. आयोडीन-131 चं अर्धायुष्य 8 दिवस. तापव नाहीतर गोठव, 8 च राहणार. औषधाचं मात्र माणसागणिक बदलतं.

असं समज, एका बादलीत रंग कालवला आणि अख्ख्या रंकाळ्यात कालवला. दोन्हीकडं तासाला दहा लिटर पाणी गाळून परत सोडणारं एकसारखं यंत्र लावलंस. बादली लगेच निवळेल, रंकाळ्याचं नाव नको! यकृत आणि मूत्रपिंड हे ते यंत्र. हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन चरबीत मुरतं, म्हणजे रंकाळाच. गोळी बंद केल्यावरही त्याचा परिणाम कित्येक आठवडे टिकतो.

यंत्र मंदावलं तरी तेच. डिगॉक्सिनचं अर्धायुष्य एरवी दीड-दोन दिवस, पण मूत्रपिंडं निकामी झाली तर चार-पाच दिवसांवर जातं. अशा आजोबांना रोजचाच डोस चालू राहिला तर औषध साठत जातं. मळमळ, भूक मरणं, डोळ्यांना सगळं पिवळसर दिसणं असं काही ते काउंटरवर बोलले, तर लगेच डॉक्टरांना फोन लाव.