गॅफरच्या हातात आकडी नव्हती

प्रश्न: चित्रपट संपल्यावर नावं वर सरकत जातात, त्यात गॅफर आणि की ग्रिप असे शब्द दिसतात. हे लोक नक्की काय करतात? गॅफर म्हणजे आकडीवाला असं वाचलं, ते खरं का? आणि एकाच चित्रपटाला सात-आठ निर्माते कसे काय असतात?

आकडीवाला नाही. ही व्युत्पत्ती एकाने लिहिली, दुसऱ्याने उतरवली आणि आता चित्रपटतंत्राच्या चांगल्या चांगल्या पुस्तकांतही ती ठामपणे छापली जाते. इंग्रजीत गॅफ म्हणजे टोकाला आकडी असलेली लांब काठी, हे खरं. सुरुवातीच्या काळात चित्रण सूर्यप्रकाशातच होत असे, हेही खरं. जॉर्ज मेलिएसने १८९७ साली माँत्रईला बांधलेला स्टुडिओ काचेचाच होता आणि आतला प्रकाश कमीजास्त करायला छताखाली कापडं सरकवावी लागत. या दोन खऱ्या गोष्टी जोडून म्हणायचं की ती कापडं आकडीने ओढणारा तो गॅफर. ऐकायला छान वाटतं, पण जोडणीला पुरावा कुठे आहे?

शब्द सिनेमापेक्षा कितीतरी जुना आहे. गॅफर हे गॉडफादरचं झिजलेलं रूप आहे, असं ऑक्सफर्डचा कोशही मानतो. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या खेड्यांत वडीलधाऱ्या माणसाच्या नावाआधी आदराने गॅफर लावत. त्याची जोडीदारीणही भाषेत आहे: गॅमर, म्हणजे गॉडमदर झिजून झालेली म्हातारी. ही जोडी एकदा दिसली की काठीची आणि आकडीची गरजच उरत नाही, कारण आकडीतून गॅमर कशी निघणार? पुढे म्हातारा, मग वडीलधारा, मग कामगारांच्या टोळीचा मुकादम असा अर्थ सरकत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुकादम हा अर्थ रुळला होता, तेव्हा सिनेमाचा जन्मही झाला नव्हता. काचकामाच्या भट्टीवरचा मुख्य कारागीर आजही गॅफर असतो आणि ब्रिटिश फुटबॉलपटू आपल्या मॅनेजरला गॅफरच म्हणतात. यांच्यापैकी कुणी छतावरची कापडं ओढत नाही. मराठीत थोरल्या भावाचा दादा गल्लीचा दादा झाला, त्याच वाटेने हा शब्द गेला आहे.

आकडीवाल्यांना एवढंच विचारायचं: काठी घेऊन कापड सरकवणं हे टोळीतल्या सर्वांत धाकट्याचं काम, मग त्याचं नाव प्रमुखाला कसं मिळालं? शिवाय प्रकाशासमोर कापड धरणं हे अमेरिकी पद्धतीत गॅफरच्या खात्याचं कामच नाही. ते ग्रिपचं. व्युत्पत्ती सांगणाऱ्याने सेटवरची कामाची वाटणी तरी पाहायला हवी होती.

ती वाटणी एका शॉटवरून पाहू. दिवसाची वेळ, खोलीत खिडकीपाशी टेबल, टेबलाशी बाई पत्र वाचते आहे. टेबलावर छोटा दिवा चालू आहे, कॅमेरा हळूहळू तिच्याकडे सरकतो. छायालेखक सांगतो: खिडकीतून मऊ प्रकाश हवा, मागची भिंत काळोखात राहू दे.

हे ऐकून कोणता दिवा, किती ताकदीचा, कुठे ठेवायचा आणि त्याला वीज कुठून आणायची, हे ठरवतो गॅफर. तो छायालेखकाचा प्रकाशातला उजवा हात आणि वीजतंत्रींच्या तुकडीचा प्रमुख. समजा त्याने खिडकीबाहेर ४ किलोवॅटचा एचएमआय, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा प्रकाश देणारा मोठा दिवा, लावायचं ठरवलं. ४००० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर १७ अँपिअरहून थोडं जास्त, १२० व्होल्टवर ३३ अँपिअर. दिव्याची वीज सांभाळणारी पेटी, म्हणजे बॅलास्ट, स्वतः खातो ते आणखी वेगळं. खोलीतल्या साध्या सॉकेटला हे झेपत नाही, म्हणून जनरेटर किंवा स्वतंत्र जोडणी, जाड केबल आणि वितरणाची पेटी लागते. हे गणित चुकलं तर ऐन टेकमध्ये फ्यूज जातो, आणि एचएमआय गरम असताना विझला तर अनेकदा थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही. सगळं युनिट हातावर हात ठेवून उभं राहतं. रंगाचा हिशेबही गॅफरचाच. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका प्रकाश नारिंगी. एचएमआयचा प्रकाश सुमारे ५६०० केल्विनचा, टेबलावरच्या जुन्या धर्तीच्या बल्बचा २८०० च्या आसपास. कॅमेरा दिवसाच्या प्रकाशाला जुळवला असेल तर टेबलावरचा दिवा गडद नारिंगी दिसेल. तो तसाच ठेवायचा की त्याच्यावर फिकट निळी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पातळ फिल्म, चढवायची, हे तो छायालेखकाला विचारून ठरवतो. म्हणून गॅफरला नुसतं लाइटमन म्हणणं चूक आहे. लाइटमन त्याच्या तुकडीत असतात.

आता दिवा पेटला. पण प्रकाश अजून कडक आहे आणि मागच्या भिंतीवरही सांडतो आहे. इथून पुढे की ग्रिप. यातली 'की' चावीची नाही, मुख्य या अर्थाची: ग्रिपांचा मुख्य तो की ग्रिप. ग्रिप म्हणजे नाटकाच्या रंगमंचावर पडदे-देखावे हलवणारा कामगार, हा अर्थ अमेरिकेत १८८० च्या दशकात होता आणि सिनेमाने तो नाटकातून उचलला. हत्यारांच्या पिशवीवरून नाव पडलं वगैरे गोष्टी सोडून द्या.

की ग्रिपची माणसं दिवा आणि खिडकी यांच्यामध्ये आठ फूट बाय आठ फुटांची चौकट उभी करतात, तिच्यात पांढरं पातळ कापड ताणलेलं असतं. त्यातून आलेला प्रकाश मऊ होतो. भिंतीवर जाणारा प्रकाश कापायला फ्लॅग लावतात, म्हणजे लोखंडी चौकटीतलं काळं कापड; कुणी त्याला कटर म्हणतात. अमेरिकी पद्धतीतला ढोबळ नियम असा की ज्याला वायर आहे ते आणि दिव्याच्या अंगावर बसतं ते गॅफरच्या खात्याचं. दिव्यापासून सुटं, स्वतःच्या स्टँडवर उभं राहून प्रकाशाला आकार देतं ते ग्रिपचं. निळी जेल थेट दिव्यावर लावली तर वीजतंत्री लावणार, समोर चौकटीत ताणली तर ग्रिप.

ग्रिपचं काम किती बारकाईचं असतं ते फ्लॅग धरणाऱ्या सी-स्टँडवर दिसतं. त्याचे तीन पाय एका उंचीवर नसतात, एकावर एक असे वरखाली असतात. फ्लॅगचा भार ज्या बाजूला झुकतो त्या बाजूला सर्वांत उंच पाय ठेवायचा आणि वाळूची पिशवी त्याच पायावर टाकायची, म्हणजे पिशवी जमिनीला न टेकता तिचं पूर्ण वजन स्टँडला दाबून धरतं. फ्लॅग धरणारी आडवी दांडी ज्या दिशेला बाहेर जाते तिकडे तोंड करून मागे उभं राहिलं, तर आवळायची मूठ उजव्या हाताला यायला हवी. मग फ्लॅग वजनाने खाली ओढला गेला तरी मूठ आपोआप आवळत जाते. मूठ डावीकडे राहिली तर तेच वजन ती सैल करतं आणि फ्लॅग हळूहळू खाली उतरत नटाच्या डोक्यापर्यंत येतो. बाहेरची चौकट तर वाऱ्यात शिडासारखी फुगते. ६४ चौरस फूट कापड आहे ते. नुसत्या वाळूच्या पिशव्यांवर न ठेवता ते दोरांनी खाली बांधावंच लागतं. ते पडलं तर जबाबदारी की ग्रिपची, कारण टांगलेल्या आणि उभ्या केलेल्या प्रत्येक वस्तूची सुरक्षितता त्याच्याकडे असते.

कॅमेरा सरकतो तोही ग्रिपच्या हाताने. रूळ अंथरताना आधी जमिनीचा सर्वांत उंच बिंदू शोधतात आणि बाकी रूळ लाकडी पाचरी देऊन त्या पातळीला आणतात. उंच जागा खाली नेता येत नाही, हे विसरून भलत्या टोकापासून सुरुवात केली की सगळे रूळ पुन्हा उचलावे लागतात. डॉली, म्हणजे रुळांवरची कॅमेऱ्याची गाडी, ढकलणारा डॉली ग्रिप. सुरुवातीची आणि थांबायची खूण तो जमिनीवर टेपने करतो.

पण हीच नावं ब्रिटिश चित्रपटात दिसली तर वाटणी बदला. तिथे ग्रिपचा संबंध कॅमेऱ्याच्या आधाराशी आणि हालचालीशी. फ्लॅग आणि कापडं वीजतंत्रीच लावतात. म्हणजे तिथला गॅफर प्रकाशाचं सगळंच पाहतो. ही गोष्ट न सांगता एकच व्याख्या देणारे लेख निम्मी माहिती देतात. बेस्ट बॉय हा या प्रमुखांचा दुय्यम: माणसांच्या पाळ्या, भाड्याने आणलेलं सामान, ट्रक आणि हजेरी तो सांभाळतो. अमेरिकी नामावलीत वीज आणि ग्रिप, दोन्ही तुकड्यांचा आपापला बेस्ट बॉय असतो.

राहिले निर्माते. निर्माता म्हणजे पैसे घालणारा, हे ऐकून ऐकून कान किटले. संस्कृतात 'मा' धातूचा अर्थ मोजणे. मात्रा, मान, प्रमाण, परिमाण सगळे त्याचेच. 'निर्मा' म्हणजे मोजून-आखून उभं करणं. निर्माता तोच: कथा मिळवणं, माणसं जमवणं, पैसा उभा करणं, खर्च आणि दिवस यांचं माप ठेवणं, चित्रपट पुरा करून लोकांपर्यंत नेणं. पैसा हा त्यातला एक भाग आहे, आणि तो त्याच्या खिशातला असलाच पाहिजे असं नाही.

सात-आठ नावांपैकी हे काम कुणी केलं ते ओळखायची खूण अमेरिकी चित्रपटांत मिळते. काही निर्मात्यांच्या नावापुढे लहान अक्षरांत p.g.a. असतं. हे चिन्ह तिथल्या निर्मात्यांच्या गिल्डकडून २०१३ पासून दिसू लागलं आणि त्याचा अर्थ: या चित्रपटाच्या निर्मितीचं बहुतांश काम या व्यक्तीने केलं, असं तपासून ठरवलं आहे. ते सभासदत्व नव्हे. सभासद नसलेल्यालाही मिळतं. छायालेखकाच्या नावापुढचं ASC मात्र अमेरिकी छायालेखकांच्या संस्थेचं सभासदत्व सांगतं, त्या चित्रपटातल्या कामाबद्दल काही नाही. या दोहोंची गल्लत सर्रास होते.

एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर चित्रपटात बहुधा पैसा, हक्क किंवा मोठं नाव आणणारा असतो. मालिकांत मात्र लेखनाचा प्रमुखच बहुधा हे पद घेतो. रोजचा खर्च आणि वेळापत्रक पाहणारा लाइन प्रोड्यूसर. वरच्या शॉटसाठी जनरेटर आणखी एक दिवस ठेवायचा का, हे गॅफरने मागितल्यावर हिशेब करून हो किंवा नाही म्हणणारा माणूस तो.