दुर्बिणीतून चंद्राचे शेकडो फोटो काढून ते एकत्र केले, तर एकाच चांगल्या फोटोपेक्षा खरंच जास्त तपशील मिळतो का?

होय, मिळतो, मात्र केवळ फ्रेम्सच्या संख्येमुळे नव्हे, तर त्यांतील निवडीमुळे. चंद्राचे कंगोरे प्रत्येक फ्रेममध्ये तेच राहतात, पण सेन्सरचा नॉइज, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, दर वेळी वेगळा असल्याने सरासरी काढताना तो संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो: १०० फ्रेम्सना दहापट, ४०० फ्रेम्सना वीसपट. तपशिलाचा खरा शत्रू म्हणजे वातावरणाची थरथर. म्हणून छोट्या एक्स्पोजरचा, सुमारे २००० फ्रेम्सचा व्हिडिओ घेऊन AutoStakkert सारख्या प्रोग्रॅमने हवा क्षणभर स्थिर असतानाच्या सर्वांत स्पष्ट १० टक्के, म्हणजे २०० फ्रेम्स, निवडून जुळवाव्यात. तयार झालेले चित्र आरंभी धूसरच दिसते (इथेच अनेकजण निराश होतात). पण नॉइज सुमारे चौदापट घटलेला असल्याने ते आता बरेच शार्पन करता येते, आणि दडलेली छोटी विवरे तेव्हा उघडी होतात. अर्थात, दुर्बिणीच्या व्यासाने ठरलेल्या मर्यादेपलीकडचा तपशील कितीही फ्रेम्स घेतल्या तरी येत नाही. चंद्राच्या कडेला काळी-पांढरी दुहेरी रेघ उमटली, तर शार्पनिंग अति झाले असे समजावे.